त्यात तुम्ही काय केलंत?

पुण्याजवळच्या एका कारखान्यात बढतीच्या मुलाखतींसाठी मी पॅनेलवर बसले होते. प्रेस शॉपमधून एक सुपरवायझर निवडायचा होता. खोली शॉपच्या वरच्याच मजल्यावर होती. खालून प्रेसचा दणका यायचा आणि दर दणक्याला टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं. समोर पस्तिशीतला एक सेटर बसला होता. पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, प्रेसवर बसवायचं त्याचं काम. शर्टाला कडक इस्त्री होती, पण नखांच्या कडांना ऑइलची काळी रेघ होती, कितीही घासली तरी न जाणारी. त्याच्या अर्जात एक ओळ ठसठशीत होती: 250 टनी प्रेसवर डाय बदलायला 55 मिनिटं लागायची, ती 22 वर आली. एका पाळीत दोनतीनदा डाय बदलावी लागते तिथे हा फार मोठा फरक आहे. मी म्हटलं, "याबद्दल सांगा ना." त्यानं सांगायला सुरुवात केली. आम्ही बघितलं की वेळ फार जातोय. मग आम्ही त्यावर काम केलं. आम्ही सुधारणा केल्या. आम्हाला यश मिळालं. शेजारच्या पॅनेल सदस्यांनी गुणपत्रिकेवर 'संघभावना' या रकान्यात चांगले गुण दिले आणि 'पुढाकार' व 'समस्या सोडवण्याची क्षमता' हे रकाने कोरे ठेवले. कोरे ठेवण्यावाचून त्यांना इलाजही नव्हता. तिथे काही लिहायचं तर एखादी कृती ऐकायला मिळायला हवी होती.

गंमत अशी की हीच सुधारणा आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी एकदा ऐकली होती. त्याच लाइनवरचा एक तरुण डिप्लोमाधारक तेव्हा समोर बसला होता आणि त्याच्या तोंडी सगळं 'मी' होतं. मी चेंजओव्हरचा वेळ कमी केला. मी टीमला दिशा दिली. मी व्यवस्थापनासमोर सादरीकरण केलं. तो खोटं बोलत नव्हता. सादरीकरण त्यानंच केलं होतं, आकडे तक्त्यात बसवले होते, पाठपुरावा केला होता. पण प्रेसपाशी प्रत्यक्ष काय बदललं आणि कुणी बदललं, हे त्याच्या बोलण्यातून कळत नव्हतं आणि सेटरच्या बोलण्यातूनही कळत नव्हतं. एकाच कामाचे दोन वृत्तांत ऐकून मला त्या कामाबद्दल जवळपास काहीच कळलं नव्हतं.

मी सेटरला विचारलं, "त्यात तुम्ही काय केलंत?" तो हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यांनी मिळूनच केलं मॅडम. एकट्याचं काय असतं त्यात?"

या उत्तराला गुण देता येत नाहीत, आणि ते नाकारावंसंही वाटत नाही.

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला असायची. आई थंडीच्या दिवसांत पहाटे शाल गुंडाळून निघायची आणि शाळा भरण्याआधी त्या मुलांचा जादा वर्ग घ्यायची. बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न ती रात्री हाताने लिहून काढायची. कार्बन पेपरचा तो निळसर वास आणि तिच्या बोटांवरचे डाग मला आजही आठवतात. एका वर्षी शाळेची बरीच मुलं गुणवत्ता यादीत आली. सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ मुख्याध्यापकांना मिळालं. आईला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्ही सर्वांनी मेहनत घेतली, मुलांनी चीज केलं." घरी येताना ती खूश होती, मनापासून. मला मात्र रडू येत होतं. पहाटे उठून जाणारी ती एकटीच होती, हे मी रोज पांघरुणातून बघितलं होतं. आता वाटतं, तिचा आनंद खरा होता आणि माझं रडूही खरं होतं. तिनं खोटा विनय केला नव्हता, तिला ते काम शाळेचंच वाटत होतं. पण पुढे पदोन्नतीची यादी निघाली तेव्हा तिच्या फाइलीत त्या पहाटेचा एक कागदही नव्हता.

आपल्याकडे 'मी मी' करणं हा दुर्गुणच मानतात आणि त्यात चूक काही नाही. त्यात आपल्या भाषेत कर्ता गाळूनही वाक्य ठणठणीत उभं राहतं: प्लेट बसवली, बोल्ट बदलले, काम झालं. कुणी, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पण नम्रपणाची जी परंपरा आपण सांगतो ती नीट बघितली तर वेगळंच दिसतं. दिंडीत अभंग सगळे मिळून म्हणतात, टाळ एका लयीत वाजतात, कुणाचा आवाज कुठला ते ओळखू येत नाही. पण अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येतेच. तुका म्हणे. नामा म्हणे. चोखा म्हणे. आणि नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी, स्वतःला दासी म्हणवणारी जनाबाईसुद्धा आपलं नाव घालते: जनी म्हणे. ती ओळ गळली असती तर ते अभंग कुणाच्या नावावर गेले असते, याचा विचार मी अनेकदा करते. बहुधा ज्याचं नाव आधीच मोठं होतं त्याच्याच.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. 'आम्ही' म्हटल्यावर श्रेय सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. ऐकणारा ते त्याच्या मनात आधीपासून असलेल्या अंदाजाप्रमाणे वाटतो. समोरचा माणूस वरच्या हुद्द्याचा असेल तर कल्पना त्याची धरतो, खालच्या हुद्द्याचा असेल तर अंमलबजावणी त्याची. सतीश धवनांची गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येते. 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 रॉकेट कोसळलं तेव्हा पत्रकारांना ते स्वतः सामोरे गेले आणि 18 जुलै 1980 ला ते यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. गोष्ट मोलाची आहे. पण ती इस्रोच्या अध्यक्षांची गोष्ट आहे. अध्यक्षांनी यशात स्वतःला वगळलं तरी त्यांचा वाटा कुणाच्या नजरेतून सुटणार नसतो, तो हुद्द्यावरच लिहिलेला असतो. तीच गोष्ट सेटरला ऐकवून 'तूही आम्ही म्हण' असं शिकवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्याचा वाटा त्याच्या तोंडून आला नाही तर दुसऱ्या कुठूनही येत नाही.

आणि ऐकणाऱ्याचा अंदाज निरागस नसतो. हेदर सार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध केला. पुरुषांनी शोधनिबंध एकट्यानं लिहिले काय किंवा जोडीनं लिहिले काय, कायम नेमणूक मिळण्याची त्यांची शक्यता जवळपास तेवढीच राहायची. बायकांचं तसं नव्हतं. सहलेखन जितकं जास्त, तितकी नेमणुकीची शक्यता कमी. निबंधांचा दर्जा हिशेबात धरल्यावरही हे चित्र तसंच राहिलं. अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा आडनावाच्या वर्णानुक्रमानं छापतात, त्यामुळे कुणी काय केलं हे निबंधावरून कळत नाही. ती मोकळी जागा वाचणाऱ्याच्या पूर्वग्रहानं भरली जाते. आमच्या शॉपमधला 'आम्ही' ही तशीच मोकळी जागा आहे.

मुलाखतीकडे परत येते. "तुम्ही काय केलंत" या प्रश्नावर माणूस संकोचतो, कारण त्यात त्याला स्वतःची किंमत सांगायची असते. म्हणून मी प्रश्न बदलला. विचारलं, "या कामाच्या अगदी पहिल्या दिवशी तुम्ही कुठे उभे होतात? हातात काय होतं?" तो लगेच म्हणाला, "प्रेसच्या मागच्या बाजूला. स्टॉपवॉच आणि कागद." आणि मग माणूस मोकळा झाला. खुर्चीत पुढे सरकला, हात हलायला लागले.

त्यानं सांगितलं ते असं. जुन्या डायवरचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून नव्या डायवरचा पहिला चांगला नग पास होईपर्यंत, हा चेंजओव्हरचा वेळ. तो किती, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या वेळात नेमकं काय होतं ते कुणी लिहिलं नव्हतं. यानं साहेबांची परवानगी घेऊन आपली पाळी सुटल्यावर थांबून दुसऱ्या पाळीचे चेंजओव्हर बघितले आणि मिनिटामिनिटाची नोंद केली. सगळ्यांची समजूत होती की वेळ बोल्ट घट्ट करण्यात जातो. नोंदीत वेगळंच निघालं. प्रेस थांबल्यावर फोर्कलिफ्टला बोलावणं जायचं आणि नवी डाय येईपर्यंत सगळे उभे. प्रत्येक डायची उंची वेगळी, त्यामुळे दर वेळी स्लाइड वरखाली करून शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण मिटल्यावर डायसाठी उरणारी उंची, जुळवायची, आणि ती अंदाजानं जुळवताना दोनचार नग वाया जायचे. क्लॅम्प धरायची कडही वेगवेगळ्या उंचीची, म्हणून बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आणि पाने शोधण्यात फेऱ्या. शेवटी पहिला नग तपासणी विभागाच्या, म्हणजे क्यूसीच्या, टेबलावर जायचा आणि तिथे रांगेत पडून राहायचा.

"मग?" मी विचारलं. "मग मी डायांच्या उंच्या मोजल्या," तो म्हणाला. या प्रेसवर चालणाऱ्या सगळ्या डायांची यादी करून, बुटक्या डायांखाली किती जाडीची प्लेट कायमची बसवली की सगळ्यांची उंची एक होईल, याचा हिशेब त्यानं वहीत मांडला होता. टूलरूमच्या मिस्त्रींनी आधी नकार दिला. प्लेट ग्राइंडिंग करून अगदी समांतर झाली नाही तर डाय तिरकी बसेल आणि पंच मोडेल, ही त्यांची भीती रास्त होती. यानं एका डायपुरतं करून बघायची गळ घातली. प्लेट मिस्त्रींनीच केली, आणि क्लॅम्पिंगच्या कडेचीही उंची एक करू म्हणजे एकाच लांबीचा बोल्ट नि एकच पाना पुरेल, हे त्यांनीच सुचवलं. नवी डाय आधीच ट्रॉलीवर आणून प्रेसशेजारी ठेवायची, हे यानं मांडलं. पण ट्रॉली कुठल्या बाजूला ठेवली की फोर्कलिफ्टला वळायला जागा मिळते, हे फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सुचलं. आणि क्यूसीतली एक मुलगी म्हणाली, नग माझ्याकडे कशाला पाठवता, चेंजओव्हरची वेळ आधी कळवा, मीच गेज घेऊन प्रेसपाशी येते. एवढ्यानं रांगेतला सगळा वेळ गेला.

हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की पहिल्या 'आम्ही'त फक्त हा एकटा हरवला नव्हता. मिस्त्री, फोर्कलिफ्टवाला, क्यूसीतली मुलगी, सगळेच त्यात बुडाले होते. सादरीकरणात त्या मुलीच्या वाट्याला 'क्यूसी विभागाचं सहकार्य लाभलं' एवढं एकच वाक्य आलं होतं. सेटरनं 'मी मोजलं' म्हटलं तेव्हा कुठे 'त्यांनी सुचवलं', 'ती म्हणाली' या वाक्यांना जागा झाली. स्वतःची हद्द नीट आखली की शेजाऱ्याची जमीन आपोआप दिसते.

तेव्हापासून कुणी मला वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज किंवा मुलाखतीची तयारी दाखवायला आणलं की मी त्या सेटरचं काम डोळ्यासमोर ठेवते. आधी फल सांगायचं, आणि ते 'आम्ही'नंच: आमच्या लाइननं चेंजओव्हर 55 वरून 22 मिनिटांवर आणला. इथे 'मी' म्हणणं खोटं ठरेल, कारण त्या प्लेटा, ट्रॉली आणि गेज यांपैकी एक जरी निघून गेलं तरी 22 उरत नाही. मग आपला हात जिथे लागला तिथे 'मी', आणि त्या 'मी'पुढे असं क्रियापद की जे डोळ्यांना दिसेल: मी दुसऱ्या पाळीत थांबून वेळेच्या नोंदी घेतल्या, डायांच्या उंच्या मोजल्या, प्लेटांच्या जाडीचा हिशेब केला, टूलरूमला एका डायवर प्रयोग करायला राजी केलं. मग इतरांचं, त्यांच्या नावानं किंवा कामानं: समान क्लॅम्पिंगची कल्पना टूलरूमची, प्रेसपाशी तपासणी क्यूसीची. एवढं सांगायला दीड मिनिट पुरतं. यात कुठे बढाई दिसते? मला तर दिसत नाही.

अर्जांमध्ये बहुतेक वेळा घोटाळा होतो तो क्रियापदात. 'सक्रिय सहभाग होता', 'समन्वय साधला', 'मोलाचं योगदान दिलं', 'जबाबदारी सांभाळली'. यांच्यापुढे 'मी' लावला तरी 'मी' दिसत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे त्या वाक्याला 'म्हणजे कसं?' असं विचारायचं. 'समन्वय साधला, म्हणजे कसं?' याचं उत्तर 'क्यूसीला चेंजओव्हरची वेळ अर्धा तास आधी फोन करून कळवायला मी सुरुवात केली' असं निघत असेल, तर अर्जात तेच उत्तर लिहावं आणि समन्वय खोडावा. काहीच निघत नसेल तर ते वाक्य आपलं नाही. दुसरी कसोटी जास्त कडक आहे. ज्याच्याबरोबर काम केलं तो शेजारच्या खुर्चीत बसला आहे असं समजून वाक्य मोठ्यानं म्हणायचं. 'प्लेटची कल्पना माझी' हे मिस्त्रींसमोर म्हणता येतं का? सेटरला येत होतं. 'पूर्ण सुधारणा मी केली' हे त्या तरुणाला म्हणता आलं नसतं.

आणि टक्केवारी सांगू नये. 'सत्तर टक्के काम माझं' असं लोक सांगतात, तेही प्रामाणिकपणे. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी 1979 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. घरातल्या निरनिराळ्या कामांत आपला वाटा किती, हे त्यांनी नवरा आणि बायको दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत शंभराच्या पुढे गेली. दोघं लबाड होती असं नाही. आपण घासलेली भांडी आपल्याला आठवतात, दुसऱ्यानं घासली तेव्हा आपण खोलीत नसतो. टीमचंही हेच होतं. म्हणून वाटा किती हे ठरवण्याच्या भानगडीत न पडता काय केलं तेवढं सांगावं. मोजमाप ऐकणारा करेल.

काही गोष्टी मात्र खरोखरच वाटता येत नाहीत. ट्रॉली आधी आणून ठेवायची हे नेमकं कुणाच्या डोक्यात आलं, असं मी सेटरला खोदून विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला. चहाच्या टपरीवर तिघं उभे होते, बोलता बोलता ते निघालं, मग यानं दुसऱ्या दिवशी करून बघितलं. अशा वेळी 'आम्ही'च खरा, आणि तो अभिमानानं वापरावा: कल्पना बोलण्यातून निघाली, पहिल्यांदा करून मी बघितली. ओढूनताणून तिथे 'मी' घुसवला तर बाकीच्या खऱ्या 'मी'वरचाही विश्वास उडतो.

बिघडलेल्या कामाच्या वेळी सर्वनामं उलटी फिरतात, हे मात्र मला फार खुपतं. त्याच प्रकल्पात मध्यंतरी एकदा चुकीच्या जाडीची प्लेट लागली आणि डायला मार बसला. अहवालात लिहिलं होतं, 'प्लेट बदलली गेल्यामुळे नुकसान झाले.' सेटरनं मुलाखतीत हे स्वतःहून सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं: "प्लेटांवर नंबर पंच करायचं माझं राहिलं होतं. नंतर मी सगळ्यांवर डायचा नंबर मारून घेतला." सगळ्या मुलाखतीत त्यानं न अडखळता उच्चारलेला पहिला 'मी' हा होता. पॅनेलवरचे आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. 'पुढाकार'चा रकाना त्यानंतर भरला.

त्या फेरीत निवड त्या तरुणाचीच झाली. त्याच्या लेखी परीक्षेचे गुण बरेच जास्त होते, कागदोपत्री कामात तो खरोखर हुशार होता आणि निकाल अन्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. तरीही काहीतरी टोचत राहिलं. तो प्रश्न मी वेगळ्या रीतीनं विचारला नसता तर कोऱ्या रकान्यांसह तो कागद फाइलीत गेला असता, आणि तसे किती कागद गेले असतील याचा अंदाजही करवत नाही. बोलणाऱ्यानं नेमकं बोलायला शिकावं हे खरंच. पण बाईनं 'मी केलं' म्हटलं की तिला आगाऊ ठरवणारे, आणि सेटरनं म्हटलं की 'पायरी सोडून बोलतोय' म्हणणारे लोक मी पॅनेलांवर बघितले आहेत. त्यांच्यासमोर सगळं ओझं बोलणाऱ्यावर टाकून भागत नाही. म्हणून आता पॅनेलवर बसले की मी प्रत्येकाला दोन्ही प्रश्न विचारते. 'आम्ही' म्हणणाऱ्याला: त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं? आणि 'मी' म्हणणाऱ्याला: या कामात तुम्हाला न सुचलेली, दुसऱ्या कुणीतरी सुचवलेली एक गोष्ट सांगा, आणि कुणी सुचवली तेही. ज्यानं काम खरंच केलेलं असतं त्याला दोन्हींची उत्तरं येतात. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा तो हसतो आणि मग बराच वेळ बोलतो.